दाराशी अडलेले चित्र

रात्री आठ ते अकराच्या दरम्यान चित्रपट पाहताना चित्र धूसर होते, मध्येच थांबते आणि पडद्यावर चक्र फिरत राहते. दुपारी तोच चित्रपट त्याच जोडणीवर स्वच्छ दिसलेला असतो. या वेळी सगळेच पाहतात म्हणून असे होणारच, हा खुलासा ग्राहकाला ऐकवला जातो आणि बहुधा त्याला तो पटतोही. परंतु या खुलाशात अर्धेच सत्य आहे. गर्दी होते हे खरे. पण ती वाटेत नेमकी कोठे साचते आणि ती जागा रुंद करायची की नाही हे कोण ठरवते, हा प्रश्न त्यात गाळला जातो. वस्तुतः तोच कळीचा प्रश्न आहे व तो मालकीचा आहे.

चित्रपट पुरवणारी मोठी कंपनी एकाच दूरच्या संगणकावरून सर्व जगाला चित्रपट पाठवीत नाही. ज्यांना मागणी आहे अशा चित्रपटांच्या प्रती ती निरनिराळ्या शहरांतील साठवण-संगणकांवर आगाऊ नेऊन ठेवते. या विखुरलेल्या व्यवस्थेला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजेच आशय-वितरणाचे जाळे, असे म्हणतात. मात्र प्रत शहरात आली म्हणजे ती घरात आली असे होत नाही. घरापर्यंतची तार दुसऱ्याच कंपनीच्या मालकीची असते. ही दोन जाळी परस्परांना थेट जोडण्याच्या व्यवहाराला पीअरिंग म्हणतात. प्रत्यक्षात ती एखाद्या इमारतीत दोन राउटरांना जोडणारी प्रकाशतंतूची केबल असते. केबल जेथे बसते त्या जागेला पोर्ट म्हणतात. अशी थेट जोडणी नसेल तर मधल्या वाहतूकदार कंपनीला पैसे देऊन तिच्या जाळ्यातून माल न्यावा लागतो. पण अखेर त्या कंपनीलाही तार-मालकाच्या दारातूनच आत शिरावे लागते.

या दाराचे गणित साधे आहे. दहा गिगाबिटचा एक पोर्ट सेकंदाला १०,००० मेगाबिट वाहून नेतो. चांगल्या चित्रासाठी एका घराला सुमारे ५ मेगाबिट लागतात असे धरले, तर त्या पोर्टातून एका वेळी २,००० घरांना चित्रपट पाहता येईल. रात्री नऊ वाजता ३,००० घरे आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीन मेगाबिटच्या आसपासच येतात. राउटरची रांग भरते, तिच्यात न मावणारी माहितीची पाकिटे टाकून दिली जातात, ती पुन्हा पाठवावी लागतात आणि पाठवणारा संगणक आपला वेग उतरवतो. ते पाहून प्रेक्षकाचे यंत्र त्याच चित्रपटाची हलक्या प्रतीची आवृत्ती मागू लागते. चित्र धूसर होते ते यामुळे. घरापर्यंतच्या तारेत १०० मेगाबिटची क्षमता असली तरी तिचा येथे काडीइतकाही उपयोग होत नाही.

अमेरिकेत २०१३-१४ साली हेच घडले. कॉमकास्ट या तेथील बड्या केबल कंपनीच्या ग्राहकांना नेटफ्लिक्सचे चित्रपट सरासरी किती वेगाने मिळतात, याचे आकडे नेटफ्लिक्स दरमहा प्रसिद्ध करीत असे. ऑक्टोबर २०१३ मध्ये हा वेग सेकंदाला २.०७ मेगाबिट होता. जानेवारी २०१४ मध्ये तो १.५१ वर उतरला. २३ फेब्रुवारीला दोन्ही कंपन्यांनी करार जाहीर केला. नेटफ्लिक्सने थेट जोडणीसाठी कॉमकास्टला पैसे देण्याचे मान्य केले आणि मार्चमध्ये सरासरी २.५० मेगाबिटवर गेली. या दोन महिन्यांत लक्षावधी घरांच्या तारा कोणी बदललेल्या नव्हत्या. बदलला होता तो केवळ दारातला व्यवहार.

त्याच वर्षी जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या एका ग्राहकाच्या तक्रारीवर व्हेरायझन कंपनीने आपल्या जाळ्याची आकृती प्रसिद्ध केली. आपल्या जाळ्यात आत कोठेही कोंडी नाही, नेटफ्लिक्सचा माल जेथून आत येतो त्या सीमेवरच ती आहे, असे तिला दाखवायचे होते. मधली वाहतूकदार कंपनी लेव्हल थ्री हिने यावर उत्तर दिले की, मग दोष कोठे आहे हे व्हेरायझनने स्वतःच सिद्ध केले आहे. सीमेवर आणखी काही पोर्ट जोडले की काम संपते आणि त्यासाठी लागणाऱ्या कार्डाचा खर्चही आपण देऊ. भांडण यंत्रसामग्रीच्या किमतीचे नव्हते, हे यावरून उघड होते.

तार-मालकांचेही एक म्हणणे आहे व ते ऐकून घेतले पाहिजे. दोन्ही बाजूंनी सारखी वाहतूक असेल तर विनामूल्य देवघेव योग्य. पण येथे एकच बाजू मालाचा पूर लोटते, मग जाळे वाढवण्याचा खर्च तिने का उचलू नये, असे ते विचारतात. नेटफ्लिक्सने स्वस्त वाहतूकदार निवडल्यामुळे गर्दी ठरावीक दारांवरच झाली, हा आक्षेपही अगदीच निराधार नव्हता. शिवाय नेटफ्लिक्स ही काही जनतेची संस्था नव्हे. हा दोन भांडवलदारांमधील नफ्याच्या वाटणीचा झगडा होता. परंतु मालाचा पूर कोणी स्वतःहून लोटत नाही. प्रत्येक चित्रपट कोणा ग्राहकाने मागितलेला असतो आणि तो आणून देण्यासाठीच त्या ग्राहकाने तार-मालकाला मासिक शुल्क भरलेले असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, घरांपर्यंतचे शेवटचे अंतर एकाच कंपनीच्या हाती असते. त्या घरांपर्यंत जायला दुसरी वाट नाही. त्यामुळे एकाच वाहतुकीवर दोन्ही बाजूंनी जकात घेण्याची शक्ती तिच्या हाती येते आणि दार अरुंद ठेवणे हेच वसुलीचे साधन बनते.

अर्थात रात्रीची प्रत्येक अडचण दारातलीच असते असे नव्हे. घरातील वायफाय दुबळे असेल किंवा गल्लीतील सामायिक तारेवर भार पडला असेल, तर सर्वच सेवा एकदम मंदावतात. दारातील कोंडीची खूण वेगळी असते. कंपनीच्या स्वतःच्या चाचणी-संगणकापर्यंतचा वेग भरपूर दिसतो, कारण ती चाचणी दाराबाहेर पडतच नाही. त्याच क्षणी एक विशिष्ट सेवा मात्र अडखळते, मध्यरात्रीनंतर ती पूर्ववत होते आणि त्याच शहरातील दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला त्रास नसतो. काही सायंकाळी ओळीने अशी नोंद ठेवली तर दोष कोठे आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पुरावा मात्र कंपन्यांच्या दप्तरातच राहतो.

भारतातही हा प्रश्न परका राहिलेला नाही. मोठा भार टाकणाऱ्या सेवांनी जाळ्याच्या खर्चात वाटा द्यावा, अशी मागणी येथील दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने २०२३ साली केली. दुसरीकडे, २०१७ च्या शिफारशींत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आशय-वितरणाची जाळी भेदभावविरोधी नियमांच्या कक्षेबाहेर ठेवली आणि २०१८ साली सरकारने त्या शिफारशी स्वीकारल्या. म्हणजे ज्या दारात सौदा होतो, तेथेच नियमाचा हात आखडला.

उपाय अज्ञात नाही. याच प्राधिकरणाने २००६ साली असा दंडक घातला होता की, सेवापुरवठादाराच्या जाळ्यातील व बाहेर जाणाऱ्या दुव्यांचा वापर गर्दीच्या वेळी ८० टक्क्यांच्या आत असावा आणि तो ९० टक्क्यांवर गेल्यास एका महिन्याच्या आत क्षमता वाढवावी. हेच तत्त्व दोन खाजगी जाळ्यांमधील प्रत्येक मोठ्या जोडणीला लावले पाहिजे आणि तिच्या सायंकाळच्या वापराचे आकडे जनतेसमोर आले पाहिजेत. खर्चाची वाटणी कंपन्यांनी आपसात कशीही करावी. पण ती होईपर्यंत ग्राहकाला ओलीस धरण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला असता कामा नये.