धान्य आहे, पण हाती पडते का?

गौलीगुड्यात कृश बालक तपासताना मी आईला ‘घरात काय शिजते?’ एवढेच विचारीत नाही. ‘महिनाअखेरीस काय शिजते?’ हेही विचारतो. बाजारात धान्य असणे ही उपलब्धता. ते घेण्याची ऐपत असणे ही प्राप्ती. शरीराला होणारा उपयोग आणि सातत्य हे अन्नसुरक्षेचे पुढील पैलू.

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील पिके बुडाली. तरीही मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले. कारण दुष्काळी कामांवर ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर होते आणि मजुरीमुळे त्यांना धान्य विकत घेता आले. उलट २००१ मध्ये सरकारी कोठारे ओसंडत असताना उपासमारीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हणून धोरणाने कोठाराबरोबरच मजुराचा खिसाही तपासावा, असे माझे मत आहे.