पैसे कटले, ऑर्डर फेल: यूपीआयचं ‘पेंडिंग’ नेमकं सुटतं कसं?

१ ऑगस्टपासून यूपीआयचे नवे नियम लागू झाले आणि सगळीकडे एकच बातमी फिरली: दिवसातून ५० वेळाच बॅलन्स बघता येणार. माझ्या ग्रुपवर तर त्याचे मीम्स पण आले. खरं सांगायचं तर दिवसातून ५० वेळा बॅलन्स कोण बघतं? त्याच यादीत एक दुसरा नियम होता आणि त्याच्याकडे फार कोणी बघितलं नाही. पेंडिंग पेमेंटचं स्टेटस आता जास्तीत जास्त ३ वेळाच विचारता येईल आणि दोन वेळांमध्ये किमान ९० सेकंद जावे लागतील.

हा नियम वाचून मला आमच्या काकांचं दुकान आठवलं, कारण अगदी याच जागी मी माती खाल्ली होती.

नशिराबादला काकांचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. लॅटरल, ड्रिपर, फिल्टर, जॉइनर असला माल. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून मागच्या वर्षी हौसेने त्यांना ऑर्डर घ्यायची एक छोटी वेबसाइट करून दिली. पेमेंटसाठी एक गेटवे जोडला. सगळं बरं चाललं होतं. मग १२ एप्रिल २०२५ चा शनिवार उजाडला. त्या दिवशी देशभर यूपीआय अडखळलं होतं. तुमचंही एखादं पेमेंट तेव्हा गोल गोल फिरत राहिलं असेल.

दुपारी १२:४१ ला भुसावळकडच्या एका शेतकरी भाऊंनी २,३६० रुपयांचा फिल्टर ऑर्डर केला. त्यांनी ॲपमध्ये पिन टाकला. माझा सर्व्हर उत्तराची वाट बघत राहिला. ३० सेकंदांत उत्तर आलं नाही. माझ्या कोडने काय केलं? ऑर्डरवर ‘फेल’ असा शिक्का मारला आणि स्क्रीनवर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं बटण दाखवलं. त्यांनी ते दाबलं. १२:४६ ला दुसरं पेमेंट झालं, हिरवी टिक आली. थोड्याच वेळात त्यांचा काकांना फोन: “भाऊ, माझे दोनदा कटले ना!”

काकांनी वेबसाइटवर बघितलं. तिथे एकच पेमेंट दिसत होतं. काका म्हणाले, “आमच्याकडे तर एकदाच आले, बँकेत विचारा.” पण त्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार, आणि सोमवारी १४ एप्रिल, आंबेडकर जयंती. बँका बंद. गेटवेकडून काकांच्या खात्यात पैसे आले ते थेट मंगळवारी, आणि ते हिशोबापेक्षा बरोबर २,३६० रुपयांनी जास्त होते. म्हणजे पैसे काकांकडेच आलेले होते. ‘आमच्याकडे नाहीत’ असं सांगणारा माझा डेटाबेस खोटं बोलत होता. काकांनी त्याच दिवशी ते पैसे परत केले, पण मधले तीन दिवस त्या माणसाला काका लबाड वाटले असणार. ते मला जास्त लागलं.

आता चूक कुठे होती ते बघू. टाइमआउट म्हणजे ‘पेमेंट झालं नाही’ असं नसतं. टाइमआउट म्हणजे फक्त ‘मला अजून उत्तर मिळालेलं नाही’.

यूपीआयमध्ये एका पेमेंटच्या मागे बरीच मंडळी कामाला लागतात. तुमचं ॲप त्याच्या बँकेला सांगतं, ती एनपीसीआयला सांगते. एनपीसीआय तुमच्या बँकेला म्हणते, ‘याच्या खात्यातून कापा’. तिथून होकार आला की दुकानदाराच्या बँकेला म्हणते, ‘याच्या खात्यात जमा करा’. आणि मग उत्तर त्याच साखळीने उलटं परत येतं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर उत्तर अडकू शकतं. सगळ्यात त्रासदायक जागा म्हणजे शेवटची. पैसे कापले गेलेत, जमा करायला सांगितलंय, आणि दुकानदाराच्या बँकेकडून उत्तरच नाही. जमा झाले आणि उत्तर हरवलं, की जमाच झाले नाहीत? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. अशा वेळी एनपीसीआय लगेच पैसे उलटे फिरवू शकत नाही, कारण खरंच जमा झाले असतील तर दोन्हीकडे पैसे होतील. म्हणून त्या व्यवहाराला ‘डीम्ड’ अशी मधली अवस्था देतात. मग दुकानदाराची बँक आपलं खातं तपासते आणि एक तर ‘जमा केले’ असं कळवते किंवा पैसे परत पाठवते.

म्हणून पेमेंटच्या अवस्था तीन धरायच्या: झालं, नाही झालं, आणि माहीत नाही. माझ्या कोडमध्ये तिसरी नव्हतीच. त्यामुळे १२:५८ ला गेटवेने स्वतःहून ‘पहिलं पेमेंट यशस्वी’ असा निरोप पाठवला (याला वेबहुक म्हणतात), तेव्हा माझ्या सर्व्हरने ‘ही तर फेल झालेली ऑर्डर आहे’ म्हणून तो फेकून दिला.

त्या आठवड्यात बसून मी ते असं बदललं:

```python
def resolve(order):
    r = gateway.status(order.txn_id)
    if r.state == "SUCCESS" and r.amount == order.amount:
        mark_paid(order, r.utr)
    elif r.state == "FAILED":
        mark_failed(order)
    else:
        check_later(order)
```

कोड येत नसेल तरी काही बिघडत नाही, कल्पना सोपी आहे. उत्तर आलं नाही तर ऑर्डर ‘पेंडिंग’ ठेवायची. मग थोड्या वेळाने त्याच व्यवहाराचा नंबर घेऊन गेटवेला विचारायचं, ‘याचं शेवटी काय झालं?’ ‘त्याच’ हा शब्द महत्त्वाचा. नवा नंबर काढून पुन्हा पैसे मागितले तर ते स्टेटस विचारणं राहत नाही, ते दुसरं पेमेंट होतं. माझं ‘पुन्हा प्रयत्न करा’ बटण नेमकं तेच करत होतं. आता ऑर्डर पेंडिंग असेपर्यंत ते बटण दिसतच नाही.

यात दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडलो. एक, फार लवकर विचारलं तर कधी कधी उत्तर येतं की असा व्यवहार सापडत नाही. आपल्याला वाटतं, चला, फेल! पण तो व्यवहार अजून वाटेतच असू शकतो. ‘सापडला नाही’ हेही ‘माहीत नाही’ मध्येच टाकायचं. दुसरा खड्डा असा की वेबहुक आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर एकाच वेळी येऊ शकतं, आणि मग एकाच ऑर्डरची दोन बिलं फाटतात. त्यासाठी डेटाबेसला सांगायचं की ऑर्डर अजून पेंडिंग असेल तरच बदल:

```sql
UPDATE orders SET status = 'PAID', utr = :utr
WHERE id = :id AND status = 'PENDING';
```

दोघांपैकी जो आधी पोहोचेल त्याचा बदल होतो, दुसऱ्याला बदलायला काही उरत नाही.

आता परत बातमीकडे. स्टेटस विचारणं इतकं चांगलं असेल तर एनपीसीआयने त्यावर मर्यादा का घातली? कारण १२ एप्रिलच्या गोंधळाची चौकशी झाली तेव्हा हेच स्टेटस विचारणं कारण म्हणून पुढे आलं. काही बँका एनपीसीआयला ‘या व्यवहाराचं काय झालं’ असे प्रश्न धडाधड पाठवत होत्या, त्यात जुन्या व्यवहारांचे पण.

हे कसं फुगतं ते आकड्यांनी बघू. यूपीआयवर त्या महिन्यात रोज साधारण ६० कोटी व्यवहार होत होते. समजा त्यातला फक्त १ टक्का अडकला, म्हणजे ६० लाख. प्रत्येकासाठी कोणी दर ३ सेकंदांनी १० मिनिटं विचारत बसलं तर एका व्यवहारामागे २०० प्रश्न. ६० लाख गुणिले २०० म्हणजे १२० कोटी. दिवसभराच्या मूळ व्यवहारांच्या दुप्पट! या गर्दीमुळे अजून पेमेंट अडकतात, त्यांच्यासाठी अजून प्रश्न जातात. हा माझा कागदावरचा हिशोब आहे, पण चक्र असंच चालतं. तीनच वेळा विचारलं असतं तर तोच आकडा १ कोटी ८० लाखांवर थांबतो.

म्हणून ३ वेळा आणि ९० सेकंद. माझ्या मते ही मर्यादा योग्य आहे, आणि ती एकटी आलेली नाही हेही लक्षात घ्या. १६ जूनपासून स्टेटसच्या प्रश्नाला उत्तर द्यायची मुदत ३० सेकंदांवरून १० सेकंदांवर आणलीय आणि पेमेंटची ३० वरून १५ वर. म्हणजे विचारा कमी वेळा, पण उत्तर लवकर मिळेल. माझी एकच तक्रार आहे. तिन्ही वेळा ‘पेंडिंग’ असंच उत्तर आलं तर ग्राहकाला पुढे काय ते ॲपने स्पष्ट सांगावं. बहुतेक ॲप नुसतं पिवळं घड्याळ दाखवून मोकळी होतात.

तर पुढे काय ते मी सांगतो. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. तुम्ही मित्राच्या किंवा नातेवाईकाच्या खात्यात पैसे पाठवले, तुमचे कटले आणि त्याच्याकडे जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिले आणि त्याला खात्रीचा निरोप मिळाला नाही, तर ही मुदत ५ दिवसांची आहे. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तुम्ही तक्रार करायची वाट न बघता द्यायची असं त्यात म्हटलंय. तरी तक्रार टाकाच. ॲपमधल्या त्या व्यवहारावर जा, १२ आकडी यूटीआर नंबर कॉपी करा आणि तिथूनच मदत मागा. दुकानदारालाही स्क्रीनशॉटपेक्षा हा नंबर द्या. स्क्रीनशॉट कोणीही बनवतं, नंबर मात्र त्याला आपल्या नोंदींत शोधता येतो.

आणि पेंडिंग दिसत असताना लगेच दुसऱ्यांदा पैसे देऊ नका. दोन-तीन मिनिटं थांबून स्टेटस बघा. घाईच असेल तर रोख द्या, पण दुकानदाराला यूटीआर लिहून ठेवायला सांगा, म्हणजे अडकलेलं पेमेंट नंतर जमा झालं तर तो ते ओळखून परत करू शकेल.

काकांच्या साइटवर आता रोज रात्री ११ वाजता एक छोटा प्रोग्राम चालतो. दिवसभरात पेंडिंग राहिलेल्या ऑर्डरचं तो गेटवेला एकदा विचारतो, आणि गेटवेकडून पैसे जमा झाल्याचा हिशोब आला की त्याच्याशी एकेक यूटीआर जुळवतो. जो जुळत नाही तो काकांच्या व्हॉट्सॲपवर जातो. गेल्या महिन्यात असे दोन आले. एक दुसऱ्या दिवशी आपोआप ग्राहकाकडे परत गेला. दुसरा जमा झालेला निघाला, म्हणून काकांनी सकाळी फोन करून सांगितलं, “तुमचे पैसे आले बरं का, पाइप घेऊन जा.”