दाखला कशाचा मागता?

यंदाच्या सत्राच्या गायन परीक्षांबद्दल शिक्षकांची जी पत्रे आली, त्यांतली बरीच एकाच कागदाबद्दल आहेत. एका केंद्राने फतवा काढला : अर्जात लिहिलेली पट्टी परीक्षेच्या दिवशी बदलायची असेल, तर ‘घशाच्या आजाराचा’ डॉक्टरी दाखला जोडावा. अर्ज भरायचे तीन महिने आधी. तेव्हा काळी पाचमध्ये गाणारा तेरा वर्षांचा मुलगा परीक्षेला काळी तीनवर उतरलेला असतो आणि त्याचा षड्जही रोज एकाच जागी सापडत नाही. आजार नसलेल्या मुलाला आजाराचा दाखला कोण देणार? तरी तो मिळतो. ‘घसा बसला आहे, सात दिवस विश्रांती’ असे लिहून वर अँटिबायोटिकच्या गोळ्याही दिल्या जातात.

या वयात स्वरयंत्र भराभर वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, बोलण्याची पट्टी सुमारे एका सप्तकाने खाली येते. नव्या मापाची सवय स्नायूंना व्हायला वेळ लागतो, म्हणून आवाज मध्येच उडून वर जातो. बहुतेकांचे हे बारा ते पंधरा-सोळाच्या दरम्यान होते. खरी धांदल काही महिन्यांची, मग आवाज हळूहळू बसत जातो. यात गोळी घेण्यासारखे काही नाही.

आपल्या वर्गांत मात्र याच्या उलटी चूक होते, आणि ती अधिक महाग पडते. एका शिक्षिकेने तिच्या विद्यार्थ्याची हकीकत कळवली आहे. मुलगा चौदाचा. गणपतीत ढोलपथकासोबत दहा दिवस ओरडला, तेव्हापासून आवाज घोगरा. घरचे म्हणाले, वय आहे. शाळेतही तेच. दिवाळी उलटली, तेव्हा बाईंनी त्याला एकच गोष्ट करायला लावली : सोयीच्या स्वरावर हळू आकार धरायचा, तिथून खाली सरकायचे, मग वर. आवाज फुटणाऱ्या मुलाचा आकार सोयीच्या स्वरावर साधारणपणे स्वच्छ लागतो आणि एखाद्या ठरावीक जागी, गंधार-मध्यमाच्या आसपास म्हणा, तुटतो. तुटण्याच्या अलीकडे-पलीकडे सूर साफ असतो. या मुलाचा सूर कुठेही साफ नव्हता. प्रत्येक स्वरात हवा मिसळलेली, आणि संध्याकाळपर्यंत आवाज जवळजवळ जाई. ‘गणपतीनंतर एक दिवस तरी आवाज चांगला होता का?’ या प्रश्नाला त्याने नाही म्हटले. बाईंनी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवले. नाकातून बारीक दुर्बीण घालून काही मिनिटांत तपासणी झाली : दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर छोट्या गाठी. शस्त्रक्रिया लागली नाही. ओरडणे बंद आणि स्पीच थेरपिस्टकडचे व्यायाम यांवर आवाज सुधारत आहे. दोन महिने मात्र ‘वय आहे’ म्हणण्यात गेले.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे की चार आठवड्यांत न ओसरणाऱ्या घोगरेपणात स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहावे, आणि नुसत्या घोगरेपणासाठी सरसकट अँटिबायोटिक देऊ नये. श्वास घेताना आवाज येणे, धाप, गिळताना त्रास, खोकल्यातून रक्त, मानेत गाठ, किंवा मानेवर मार बसल्यावर अथवा भूल देण्यासाठी नळी घातल्यावर आलेला घोगरेपणा, यांत चार आठवडेही थांबायचे नाही. आणखी एक : मिसरूड फुटली, उंची वाढली, तरी सोळा-सतराव्या वर्षी आवाज बारीकच, तर तोही दाखवावा. स्वरयंत्र मोठे झालेले असते, पण मुलगा जुन्याच पद्धतीने आवाज लावत राहतो. हे बहुधा थेरपीने सुटते. शरीरातच बदल दिसत नसतील, तर आधी बालरोगतज्ज्ञ गाठावा.

आता आपल्यातल्या काही जुन्या मंडळींविषयी. आवाज फुटला की वर्षभर गाणे बंद, असे काही जण अजून सांगतात. तर काही जण ‘खर्ज भरला की आवाज लवकर बसतो’ म्हणून पहाटे तासभर खर्ज घोटून घेतात. दोन्ही सोडा. तंबोरा त्या दिवशीच्या सुराला मिळवा, चार-पाच स्वरांत हलक्या आवाजात पलटे घ्या, तार सप्तकाकडे ओढू नका, लय-तालाचे काम या काळात भरपूर करून घ्या.

आणि केंद्रांनी दाखल्याची अट रद्द करावी. पट्टी परीक्षेच्या दिवशी, पेटीसमोर ठरू द्या. साथीदाराला एक पट्टी बदलायला किती वेळ लागतो? ज्यांच्याकडे असे दाखले मागितले गेले, त्या शिक्षकांनी केंद्राच्या पत्राची प्रत आमच्याकडे पाठवावी. पुढच्या सत्राचे अर्ज निघण्याआधी सगळी पत्रे एकत्र करून परीक्षा मंडळापुढे ठेवू.