सोनं घेतलं कोणत्या साली, मोडलं कोणत्या साली? आधी ते सांगा

विषय जरा पैशाचा आहे, पण घराघरातला आहे, म्हणून लिहितोय.

मी लिंबायतला राहतो. आमच्या भागात निम्म्याहून जास्त माणूस खानदेशातला, आणि दोन पैसे साठले की पाय सराफाकडे वळतात. मागच्या महिन्यात डहाणूहून दाजी आले. त्यांची बोट आहे. हंगामाचे तीन लाख शिल्लक होते. म्हणाले, "भाऊ, सगळ्याचं सोनं घेऊन टाकतो. तीन वर्षांनी इंजिन बदलायचंय, तोवर दुप्पट होईल. एफडीत काय ठेवलंय?"

मी म्हटलं, "दाजी, बसा. आधी माझा हिशोब ऐका."

२०१२ च्या दिवाळीत मी एक लाखाची साखळी केली. त्याच आठवड्यात थोरल्या भावाने बँकेत एक लाखाची एफडी केली, व्याज साडेआठ टक्के. २०१८ च्या दिवाळीनंतर दोघांनाही घराच्या स्लॅबसाठी पैसे लागले. माझ्या लाखातले दहा हजार घडणावळीत आणि करात आधीच गेले होते, म्हणजे सोनं नव्वद हजारांचंच होतं. मोडताना घट कापली आणि हातात पुन्हा नव्वद हजारच आले. भावाला एक लाख पासष्ट हजार मिळाले. सहा वर्षं, तेच घर, तोच लाख, आणि फरक पंच्याहत्तर हजारांचा.

दाजी म्हणाले, "असं कसं? सोनं तर वाढतच असतं!"

वाढतं, पण रोज आणि सारखं नाही वाढत. मुंबई बाजारातला १० ग्रॅमचा वर्षाचा सरासरी भाव बघा, आकडे जवळपासचे धरलेत. १९९६-९७ ला ५,१००. २००१-०२ ला ४,६००. २०१२-१३ ला ३०,०००. २०१८-१९ ला ३१,०००. २०२३-२४ ला ६०,६००. त्यानंतर २०२५ मध्ये तर भाव लाखावर गेला.

आता इथे बहुतेक जण जी चूक करतात ती सांगतो. ५,१०० चे ६०,६०० झाले, म्हणजे जवळपास बारा पट. वाढ झाली १,०८८ टक्के, २७ वर्षांनी भागली की वर्षाला ४० टक्के! सराफाच्या दुकानात हेच ऐकू येतं. पण ते खोटं आहे, कारण वाढीवर वाढ चढते. पहिल्या वर्षी वाढलेला पैसाही दुसऱ्या वर्षी वाढतो. एफडीतही व्याजावर व्याज मिळतं. म्हणून दोघांना एकाच मापाने मोजायचं, चक्रवाढीने. शेवटचा भाव भागिले पहिला भाव, त्याचं जितकी वर्षं तितकं मूळ काढायचं आणि त्यातून एक वजा करायचा. मोबाईलवर गूगलमध्ये हे असं टाका:

```
(60600/5100)^(1/27)-1
```

उत्तर येतं ०.०९६, म्हणजे वर्षाला ९.६ टक्के. ४० नाही. ९.६ हाही आकडा चांगलाच आहे, पण तो एफडीच्या शेजारी ठेवून बघता येतो.

आणि मोबाईल जवळ नसेल तर ७२ चा आडाखा आहे. पैसे किती वर्षांत दुप्पट झाले ते बघा, ७२ ला तेवढ्याने भागा. २०१२-१३ चे ३०,००० ते २०२३-२४ चे ६०,६००, म्हणजे अकरा वर्षांत दुप्पट. ७२ भागिले ११, साडेसहा टक्के. "दुप्पट झालं" ऐकून छाती फुगते, पण वर्षाला साडेसहाच पडले.

आता वर्षं बदलून बघू. १९९६-९७ ला घेऊन पाच वर्षांनी मोडलं असतं तर दरवर्षी दोन टक्के तोटा. तेव्हा बँका बाराच्या आसपास व्याज देत होत्या, एफडीत लाखाचे एक लाख ऐंशी हजार झाले असते. २००१-०२ ला घेऊन २०१२-१३ ला मोडलं असतं तर वर्षाला साडेअठरा टक्के, एफडी कुठल्या कुठे मागे. २०१२-१३ ते २०१८-१९, म्हणजे माझी सहा वर्षं, वर्षाला अर्धा टक्का. आणि २०१८-१९ ते २०२३-२४ पुन्हा चौदा टक्के, तेव्हा एफडी पावणेसातच्या आसपास.

म्हणून "सोनं बरं" म्हणणाराही खरा आणि "एफडी बरी" म्हणणाराही खरा. दोघांची वर्षं वेगळी आहेत, एवढंच. जो जिंकतो तो आपल्या सोयीची वर्षं सांगतो. आज भाव चढलाय, म्हणून आज सगळे सोन्याचे गोडवे गातात. २०१२ लाही असंच गात होते, मीही गात होतो.

हे असं का होतं? आपला भाव तीन गोष्टींवर चालतो: जगातला डॉलरचा भाव, रुपया किती घसरला, आणि सरकारची आयात ड्युटी. २०१३ मध्ये जगात सोनं जोरात पडलं. पण आपला रुपया घसरला आणि ड्युटी दहा टक्क्यांवर गेली, म्हणून इथे भाव तीस हजारांच्या आसपास तरला. २०२४ च्या जुलैत ड्युटी सहा टक्क्यांवर आणली, तेव्हा एका दिवसात भाव खाली आला. यातली एकही गोष्ट तुमच्या-माझ्या हातात नाही. एफडीचा दर मात्र ठेवतानाच पावतीवर छापून मिळतो.

दागिन्याचा खर्चही धरा. आज दहा टक्के घडणावळ, तीन टक्के जीएसटी आणि मोडताना तीन टक्के घट धरली, तर भाव हललाच नाही तरी शंभराचे पंच्याऐंशी होतात. वीस वर्षं ठेवलं तर हा मार वर्षाला पाऊण टक्का पडतो, खपून जातो. तीन वर्षांत मोडलं तर वर्षाला पाच टक्के पडतो. म्हणजे दाजींच्या इंजिनाच्या पैशाला सोन्याने आधी पाच टक्के कमवावे लागतील, मगच एफडीशी शर्यत सुरू होईल.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, इंजिन, जाळी, बंदीच्या दोन महिन्यांचा घरखर्च, तो एफडीत. तारीख आली की भाव पडलेला असला तरी मोडावंच लागतं. ज्या पैशाला तारीख नाही, पंधरा-वीस वर्षं हात लावायचा नाही, त्यातला काही भाग सोन्यात, आणि तोही नाण्यात, दागिन्यात नाही. दागिना अंगावर घालायला करा, त्याला गुंतवणूक म्हणू नका. एक ध्यानात ठेवा, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. सोसायटी किंवा पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, मग ती आपली असली तरी.

दाजींनी अडीच लाखांची तीन वर्षांची एफडी केली. पन्नास हजारांची नाणी घेतली, भाचीसाठी. ती आत्ता चौथीत आहे.

तुमच्याकडे जुनी पावती असेल तर काढा. घेतल्याचं साल आणि भाव, मोडल्याचं साल आणि हातात आलेले पैसे घ्या. वरच्या ओळीत टाका आणि किती टक्के आले ते खाली लिहा.