‘लो’च्या भीतीने शुगर ‘हाय’

रात्री एकदा शुगर ५५वर आली, की काही मधुमेही धास्तीने इन्सुलिन कमी घेतात आणि मुद्दाम २२०वर झोपतात. त्यांना रागावून उपयोग नाही. सततच्या जास्त शुगरची सवय झालेल्या शरीराला ११०लाही घाम फुटतो, हात थरथरतात.

म्हणून लक्षणे जाणवताच आधी ग्लुकोमीटरवर तपासावे. आकडा ७०च्या खाली असल्यास, किंवा मीटर जवळ नसल्यास, तीन छोटे चमचे भरून साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. ११० आल्यास साखर न खाता थोडे थांबून पुन्हा मोजावे.

झोपतानाचे लक्ष्य डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवावे: आधी १८०, पहाटे तीनचे आकडे दोन आठवडे सुरक्षित राहिले तर १६०. वहीतले हे आकडेच भीतीला उत्तर देतात.