नळाचे पाणी उलटे का फिरते

धाराशिव शहराला सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयातून लांबच्या जलवाहिनीने पाणी आणले जाते. ते शुद्ध करून उंच टाक्यांत साठवले जाते आणि तेथून एकेका भागाला ठरलेल्या दिवशी सोडले जाते. शहरात काय किंवा जिल्ह्यातील गावांत काय, 'नळ आले' आणि 'नळ गेले' हे शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यात आहेत, कारण पाणी अखंड नसते. ते काही दिवसांआड, तास-दोन तासांपुरते येते. उरलेल्या वेळात रस्त्याखालच्या नळ्या रिकाम्या किंवा अर्धवट भरलेल्या असतात, आणि पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या दोषाचा मोठा भाग याच रिकाम्या वेळात घडत असूनही त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पाणी शुद्धीकरण केंद्रातून निर्दोष निघते, टाकीत टीसीएल पावडर मापाने पडते, आणि तरीही घरातल्या हंड्यात पडणारे पाणी दूषित निघते, याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे उलटप्रवाह, म्हणजे घरातील किंवा शेतातील पाणी नळजोडणीतून मागे फिरून सार्वजनिक जलवाहिनीत शिरणे.

नळीला स्वतःची दिशा नसते. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, एवढाच नियम ती पाळते. वाहिनीत दाब असेपर्यंत पाणी घराकडे येते, परंतु तो दाब घरातल्या पाण्याच्या दाबापेक्षा कमी झाला की तीच जोडणी उलट्या बाजूने चालू लागते. हे दोन प्रकारांनी होते. वाहिनीत पोकळी निर्माण होऊन घरातले पाणी तिच्याकडे ओढले जाते त्याला उलट शोषण म्हणतात, आणि घरातला पंप वाहिनीपेक्षा जास्त जोर लावून पाणी आत ढकलतो त्याला उलट दाब म्हणतात. धाराशिवसारख्या उंचसखल भूभागात, जेथे बालाघाटाच्या उतारांवर वस्त्या पसरल्या आहेत आणि तुळजापूरसारखे गाव तर घाटाच्या कडेलाच वसले आहे, यांतला पहिला प्रकार समजून घेणे विशेष गरजेचे ठरते.

एक उदाहरण तपशिलाने पाहता येईल. समजा, उतारावरच्या एका गल्लीत वरच्या टोकाच्या घरापासून खालच्या टोकाच्या घरापर्यंत 6 मीटरचा उतार आहे. पाणी सोडणाऱ्याने व्हॉल्व्ह बंद केला, परंतु खालच्या घरांचे नळ अजून उघडेच आहेत. वाहिनीत उरलेले पाणी उताराने खाली जाऊ लागते, आणि वरून नवे पाणी येत नसल्याने वरच्या टोकाला नळी रिकामी होत जाते व तेथे दाब वातावरणाच्या दाबाखाली उतरतो. वरच्या घरात हौदात सोडलेली नळी, पाणी उडू नये किंवा आवाज होऊ नये म्हणून, हौदाच्या तळापर्यंत नेलेली असते. हौदातली पाण्याची पातळी आणि ती नळी जेथे सर्वांत उंच चढते ती जागा यांत 1.2 मीटरचे अंतर असेल, तर तेवढे पाणी वर चढवण्यास 0.12 बार इतकी पोकळी पुरते. आणि उतारावर खाली उतरणारे 6 मीटर पाणी याच्या कित्येक पट पोकळी निर्माण करू शकते. वातावरणाचा दाब 10 मीटरहून किंचित उंच पाण्याचा स्तंभ पेलतो, हे शालेय पुस्तकातले वाक्य येथे प्रत्यक्षात उतरते. एकदा पाणी त्या उंचवट्यावरून पलीकडे गेले की पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते, आणि अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी हौदातून वाहिनीत जाऊ शकते. दहा मिनिटांत शंभरएक लिटर पाणी असे उलटे फिरते आणि खालच्या घरांतले हंडे भरते. त्या हौदात पाच दिवसांचे साठलेले, त्यातच टँकरचे ओतलेले आणि हात बुडवून काढलेले पाणी असेल, तर तेच पाणी शेजारच्या घरात 'नगरपालिकेचे पाणी' म्हणून प्यायले जाते.

उतार नसलेल्या वस्तीत हेच काम नळाला थेट जोडलेली मोटर करते. पाणी पुरेशा दाबाने येत नाही, म्हणून एक घर वाहिनीवर मोटर लावते. ती मोटर वाहिनीतले पाणी संपले तरी ओढतच राहते, आणि तिच्या शोषणाने आजूबाजूच्या घरांच्या बुडालेल्या नळ्या वाहिनीत रिकाम्या होऊ लागतात. नगरपालिका अशा मोटरी जप्त करतात तेव्हा इतरांच्या वाट्याचे पाणी ओढले गेले हा मुद्दा पुढे येतो. त्या मोटरीमुळे शेजाऱ्यांच्या हौदातले पाणी पुन्हा वाहिनीत येते ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवतो, आणि ती त्याहून गंभीर आहे.

मराठवाड्यातल्या अनेक वस्त्यांत याला आणखी एका दुर्दैवी सोयीची जोड मिळालेली आहे. दाब कमी असल्यामुळे नळाचे तोंड जमिनीखाली, दीड-दोन फुटांच्या खड्ड्यात बसवले जाते, म्हणजे पाणी थोडे तरी लवकर येते. या खड्ड्यात सांडलेले पाणी, पावसाचे पाणी आणि कपडे-भांड्यांचे पाणी साचते, आणि नळाचे तोंड त्यात बुडालेले असते. नळ गेल्यावर तोटी उघडी राहिली असेल तर वाहिनी प्रथम हेच पाणी पिते. पुढच्या वेळी नळ आले की सुरुवातीला गढूळ, वासाचे पाणी येते व मागून स्वच्छ येते, हा बहुतेक घरांचा अनुभव याच्याशी जुळणारा आहे. हुबळी-धारवाडमध्ये काही भागांना चोवीस तास आणि काही भागांना काही दिवसांआड पाणी मिळत असताना दोन्हींची तुलना झाली, तेव्हा अधूनमधून येणाऱ्या पाण्याच्या जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत मलजन्य जिवाणू सापडले, तर अखंड पाण्यात ते प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते.

उलटप्रवाह किती प्राणघातक ठरू शकतो याचे जुने उदाहरण शिकागो शहरातले आहे. 1933 साली तेथे जागतिक प्रदर्शन भरलेले असताना दोन हॉटेलांमध्ये नळकामातल्या दोषामुळे मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले, अमीबाजन्य हगवण पसरली आणि 98 माणसे दगावली. त्यानंतर नळकामाच्या नियमांत अशा आडव्या जोडण्यांचा, म्हणजे पिण्याचे पाणी आणि दुसरे कोणतेही पाणी एकमेकांना भिडण्याच्या जागांचा, कडक विचार होऊ लागला.

यावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे हवेचे अंतर. पाणी भरणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या किंवा हौदाच्या काठाच्या वर, हवेत, मोकळे ठेवायचे. म्हणजे नळीत पोकळी झाली तरी ती हवा ओढते, पाणी ओढू शकत नाही. हे अंतर नळीच्या आतील व्यासाच्या दुप्पट असावे आणि 25 मिलिमीटरपेक्षा कमी नसावे, असा प्रचलित नियम आहे. म्हणजे अर्ध्या इंची नळीला साधारण 30 मिलिमीटर, पाऊण इंचीला 40. ते पाण्याच्या त्या वेळच्या पातळीपासून न मोजता, टाकी ज्या काठावरून ओसंडते त्या काठापासून मोजावे लागते, कारण ओव्हरफ्लोची नळी गाळाने बुजली तर पाणी काठापर्यंत चढते. यात झिजणारा, अडकणारा किंवा चुकीचा बसणारा एकही भाग नाही, हेच त्याचे सामर्थ्य आहे. त्याची किंमत एवढीच की वाहिनीतला दाब त्या जागी संपतो, आणि पाणी गच्चीवर न्यायचे तर हौदातून वेगळा पंप लावावा लागतो.

दुसरा उपाय एकेरी झडपेचा. तिला प्लंबर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह किंवा नुसते एनआरव्ही म्हणतात. आत एक पत्र्याची किंवा रबराची झडप असते. पाणी पुढे जाताना ती उघडते, मागे फिरू लागले की आपल्याच वजनाने किंवा स्प्रिंगने बंद होते. अंगावर बाण कोरलेला असतो व तो प्रवाहाच्या दिशेने ठेवावा लागतो; वजनावर मिटणारी झडप आडवी बसवावी, किंवा पाणी खालून वर जात असेल तेथेच उभी बसवावी, अन्यथा ती मिटतच नाही. तिचा मुख्य दोष असा की वाळूचा एक कण किंवा क्षाराचा एक थर बसायच्या जागेवर राहिला तरी तिच्यातून पाणी झिरपते, आणि या भागातले बोअरचे पाणी जड असल्याने क्षार जमतात हे सर्वांना ठाऊक आहे. ती काम करते की नाही हे पाहण्यासाठी झडपेच्या आणि रस्त्याच्या मधल्या भागात एक छोटा कॉक बसवावा. घराकडच्या बाजूला गच्चीच्या टाकीचे पाणी उभे असताना रस्त्याकडचा कॉक बंद करून हा छोटा कॉक उघडला, आणि पाणी थांबता थांबत नसेल, तर झडप गळते आहे असे समजावे. वर्षातून एकदा ती उघडून पुसली नाही तर ती आहे एवढेच समाधान उरते.

म्हणून जेथे धोका मोठा तेथे झडपेवर विसंबू नये. बोअरची नळी आणि नगरपालिकेची नळी एका टीने जोडून मध्ये फक्त चावी ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. चावी उघडी राहिली की बोअरची मोटर आपल्या दाबाने नायट्रेट किंवा फ्लोराइड असलेले पाणी सरळ वाहिनीत ढकलते, आणि क्लोरीन या दोन्हींना काहीही करू शकत नाही. द्राक्षबागेत औषधाच्या ड्रममध्ये नळाची नळी बुडवून ठेवण्याचा धोका तर आणखी वेगळा, कारण तेथे उलट शोषण म्हणजे कीटकनाशक पिण्याच्या पाण्यात. या दोन्ही ठिकाणी हवेचे अंतर हाच योग्य मार्ग आहे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. घरचे हवेचे अंतर घरातले पाणी वाहिनीत जाण्यापासून रोखते. परंतु रस्त्यावरची नळी गटारातून गेली असेल आणि तिला भोक असेल, तर पोकळीच्या वेळी गटाराचे पाणी त्या भोकातून आत येईलच. त्यासाठी नळी गटाराबाहेर काढणे आणि उंचवट्यांवर हवा आत घेणारे एअर व्हॉल्व्ह चालू ठेवणे हे पाणीपुरवठा यंत्रणेचे काम आहे. जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो तेव्हा ती टाकीजवळ करून न थांबता, वाहिनीच्या वरच्या टोकाच्या घरात, नळ आल्यानंतरच्या पहिल्या पाण्यावर केली, तर पिवळा रंग न उमटणे हीच दोषाची पहिली खूण सापडेल.

पुढच्या वेळी नळ येण्याआधी वाचकांनी एवढे जरूर करावे: हौदाचे झाकण उघडून नळीचे टोक काठाच्या वर आहे की पाण्यात बुडालेले आहे ते पाहावे, आणि बुडालेले असेल तर टोक काठाच्या वर येईल एवढी नळी कापून टाकावी.