शिक्षक कक्षातील फळ्यासाठी

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील अनेक शाळांत शिक्षक कक्षाच्या भिंतीवर सुविचारांचा एक फळा असतो. सावकाश शिकणाऱ्या मुलांविषयी त्यावर बहुधा फुले, कळ्या आणि माळी यांची वाक्ये येतात. ती वाचायला गोड असतात, पण ‘सत्तावीस’ ऐकून एखाद्या मुलाने पाचव्यांदा ७२ लिहिले की त्यांचा उपयोग होत नाही. त्या घटकेला शिक्षकाला चुकीचे कारण हवे असते. म्हणून फळ्यावर असे लिहिता येईल : ‘चूक खोडण्याआधी ती मुलाकडून वाचून घ्यावी.’

मराठी अंकनामांत हे कारण स्पष्ट दिसते. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतो, वीस नंतर. कानाने ऐकले त्याच क्रमाने लिहिणारे मूल ७२ लिहिते. ‘एकोणतीस’ तर त्याहून कठीण. त्यात दोनही ऐकू येत नाही आणि नऊही नाही. ऐकू येतो तो तीस. मग वहीत ३९ उमटतात. पाढे लहानपणीच मुखोद्गत झालेल्या मोठ्यांना ही अडचण जाणवतच नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत आली, ती याच कारणाने. तिची थट्टाच अधिक झाली, हे खेदाचे.

अशा वेळी दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि नऊ सुट्या काड्या मुलापुढे ठेवाव्यात. तिसरी जुडी व्हायला किती हव्यात, असे विचारावे. ‘एक’ असे उत्तर आले की एकोणतीस म्हणजे एक उणे तीस, हे सांगण्यास जागा होते. फळ्यासाठी दुसरे वाक्य येथेच मिळते : ‘मूल अडले असेल तर पाठ लहान करावा, मुलाला लहान करू नये.’ माषतुष मुनींच्या गुरूंनी हेच केले होते. शास्त्रपाठ होईना, तेव्हा त्यांनी ‘मा रुष, मा तुष’ एवढेच दिले. शिष्याच्या तोंडी त्याचेही ‘माषतुष’ झाले, तरी त्यांनी त्याला दूर लोटले नाही. कथा सर्वांना ठाऊक आहे. तीत शिष्याच्या चिकाटीचे कौतुक होते, गुरूंच्या निवडीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

तिसरे वाक्य जरा रोखठोक आहे : ‘धीर धरणे म्हणजे नुसती वाट पाहणे नव्हे.’ काड्या अचूक मोजून जे मूल अंक उलटे लिहिते, त्याला संख्या समजली आहे. त्याची अडचण नावाची आहे व ती सरावाने सुटते. जुड्या आणि सुट्या यांतच गोंधळ असेल, तर दशकापासून पुन्हा आरंभ करावा. पण एकास एक शिकवूनही महिनोन्‌महिने अक्षरे, अंक आणि वाचन तिन्ही अडत असतील, तर पालकांशी बोलून तपासणी सुचवावी. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. जाताना मुलाच्या जुन्या वह्या सोबत न्याव्यात; कोणती चूक कितीदा आणि कशी होते, हे त्यांतून दिसते.